श्रुतिकेवरून ॲनिमेशन करताना कोणते क्षण काढायचे: या चुका टाळा

सहा मिनिटं चाळीस सेकंदांची श्रुतिका म्हणजे 400 सेकंद. सेकंदाला 24 फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं असा नेहमीचा हिशेब धरला, तर सेकंदाला 12 आणि सगळी मिळून 4800 चित्रं होतात. घरी बसून फिल्म करणाऱ्या दोघा-तिघांना एवढी चित्रं झेपत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते. रेकॉर्ड केलेली गोष्ट तिच्या आवाजावर आधीच पूर्ण असते. म्हणून कुठे चित्र काढायचं आणि कुठे आवाजाला एकट्याला बोलू द्यायचं, हे ठरवणं हे यातलं मुख्य काम आहे. बहुतेक चुका तिथेच होतात.

उदाहरणाला एकच गोष्ट घेऊ. सांगलीजवळच्या हरिपुरातली, हळदीच्या पेवाची. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट रुंद. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की आत प्राणवायू फारसा उरत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पण त्याच कारणाने नुकतं उघडलेलं पेव माणसाचा जीव घेऊ शकतं. तोंड उघडून काही तास थांबायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आपल्या श्रुतिकेत म्हातारे हमाल तात्या आणि नवखा सद्या भल्या सकाळी पेव उघडतात. बाहेर व्यापाऱ्याचा ट्रक हॉर्न वाजवतोय आणि सद्याला उतरायची घाई झालीय. तात्या कंदील सोडतात, तो विझतो. दुपारी पुन्हा सोडतात, तेव्हा ज्योत टिकते.

शब्द आला की चित्र काढणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. निवेदक म्हणतो, “कृष्णा-वारणेचा संगम,” की पडद्यावर संगम. “ट्रक,” की ट्रक. “ऊन चढलं,” की सूर्य. अशी फिल्म पाहताना माणूस पाचव्या मिनिटाला थकतो, कारण कान आणि डोळे एकच गोष्ट दोनदा सांगत असतात. पडताळायला सोपा उपाय आहे. प्रत्येक चित्राखाली लिहा: हे चित्र काढून टाकलं तर प्रेक्षकाला काय कळणार नाही? उत्तर “काहीच नाही” असेल, तर ते चित्र जाऊ द्या.

त्याऐवजी गोष्टीत काहीतरी बदलतं ती ठिकाणं शोधा. कुणाचा निर्णय बदलतो, कुणाला कळतं, कुणाची भीती वाढते, दोन माणसांतलं अंतर कमी-जास्त होतं. ट्रक वाजतो तेव्हा ट्रक काढायचं कारण नाही, हॉर्नने तो उभा केलेलाच आहे. त्या हॉर्नने सद्याची मान वळते आणि तो कमरेचा पंचा आवळतो. चित्र त्याचं. ट्रकचा आवाज त्या चित्रामागून येऊ द्या.

या पद्धतीने आपल्या 400 सेकंदांतून साधारण 14 क्षण निघतात. त्यातल्या चारांनाच पूर्ण हालचाल द्यायची, प्रत्येकी पाचेक सेकंद. 4 × 5 × 12, म्हणजे 240 चित्रं झाली. उरलेल्या दहांना सरासरी आठ चित्रं पुरतात. एकच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून फिरवलं, की माणूस स्थिर असला तरी रेषा जिवंत राहते. हे 80 मिळवून एकूण 320. आता हे काम दोघांच्या आवाक्यात आलं.

आवाजाने लपवलेलं चित्राने उघडं करणं

श्रुतिकेतला ताण बहुतेक वेळा न दिसण्यातून येतो, आणि चित्र नेमकं तेच दाखवून टाकतं. आपल्या गोष्टीतला कंदिलाचा प्रसंग बघा. ध्वनिपट्टीवर तो असा आहे: 201.5 व्या सेकंदाला दोर घासल्याचा आवाज सुरू होतो, चौदा सेकंद चालतो आणि 215.5 ला थांबतो. मग सहा सेकंद काहीच नाही. 221.5 ला तात्यांचा एकच शब्द येतो, “इझला.”

पहिल्या आराखड्यात जवळजवळ प्रत्येक जण एकच चित्र सुचवतो: पेवाच्या आतून, कंदील खाली येतोय, ज्योत थरथरते आणि विझते. चित्र देखणं होतं. पण ज्योत शांततेच्या सुरुवातीलाच विझली, तर प्रेक्षकाला सहा सेकंद आधीच सगळं कळतं आणि “इझला” हा शब्द शिळा होतो. ज्योत शब्दासोबत विझवली, तर चित्र आणि शब्द पुन्हा एकच सांगतात. शिवाय आतून दाखवलं म्हणजे कुणीतरी आत आहे असं वाटतं, आणि गोष्टीचा सगळा भार तर आत कुणी जाऊ नये यावर आहे.

मग या वीस सेकंदांत बदलतंय काय? सद्या. दोर चालू असताना त्याचा एक पाय पेवाच्या काठावर आहे, तो उतरायच्या बेतात आहे. म्हणून दोराचे चौदा सेकंद तात्यांच्या तळव्यांतून सरकणाऱ्या दोराला द्या. तीन-चार चित्रांचं चक्र पुरेल, आवाज बाकीचं काम करतो. दोर थांबला की सद्याच्या पायावर या, आणि त्या सहा सेकंदांत पाय हलवू नका. प्रेक्षक तात्यांच्या तोंडाकडे बघायला धडपडेल, त्याला बघू देऊ नका. “इझला” ऐकू आल्यावर अर्ध्या सेकंदाने पाय मागे येतो. त्यानंतर पेवाचं काळं, रिकामं तोंड वरून, तीन सेकंद. कंदील काढायचाच असेल तर दुपारच्या प्रसंगात, ज्योत टिकते तेव्हा. पहिल्यांदा तो लपवला होता म्हणून दुसऱ्यांदा तो दिसण्याला वजन येतं.

असा बिघाड आपल्या फिल्ममध्ये आहे का, हे तपासायला ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजावर लावलेली कच्ची स्थिर चित्रं, गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. शांततेच्या मध्यात थांबवून विचारा, “काय झालं असेल?” उत्तर खात्रीने आलं, तर चित्र आधी बोललंय. दोन शक्यता सांगून माणूस पडद्याकडे बघत राहिला, तर क्षण बरोबर निवडलाय.

गावाला माहीत असलेलं जगाला माहीत आहे असं धरणं

वरचा नियम एका ठिकाणी मोडावा लागतो. सांगलीच्या जुन्या श्रोत्याला “पेव” म्हटलं की आकार दिसतो. 2005 च्या महापुरात हरिपुरातली कितीतरी पेवं खराब झाली. आजच्या कॉलेजातल्या मुलाने पेव पाहिलेलंच नसण्याची शक्यता जास्त, आणि सातारा-सांगलीबाहेरच्याला तर ते साधा खड्डा वाटेल. मग सद्याचा पाय मागे येण्याला अर्थच उरत नाही.

म्हणून सुरुवातीला, निवेदक गावाबद्दल बोलत असतानाच, पेवाचं उभं छेदचित्र एकदा दाखवा: अरुंद गळा, रुंद पोट आणि वर काठाशी उभा माणूस, म्हणजे खोली मापता येते. चार सेकंद तरी ते टिकू द्या. अनोळखी आकार समजून घ्यायला डोळ्याला ओळखीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे चित्र धोक्याच्या प्रसंगात घालू नका, तिथे ते धड्यातल्या आकृतीसारखं दिसतं.

शांतता कापणं आणि तोंडं हलवणं

काढायला चित्र नाही म्हणून सहा सेकंदांची शांतता दोनवर आणणारे पुष्कळ असतात. श्रुतिकेच्या दिग्दर्शकाने ती मोजून ठेवलेली असते. आधी आवाज पक्का करा, एकदा पक्का झाला की त्याला हात लावू नका. नंतर पाव सेकंद जरी कापला, तरी पुढची सगळी चित्रं सरकतात.

दुसरा खर्च तोंडांचा. प्रत्येक संवादाला ओठ जुळवायला गेलात तर 320 चे हजारभर होतील. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा दाखवा, त्याच्या चेहऱ्यावरच गोष्ट घडत असते. निवेदक तर दिसूच नये. ओठ दाखवणं अटळ असेल तिथे पूर्ण वाक्याऐवजी “प”, “ब”, “म” यांना मिटणारं तोंड सांभाळा. ते आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटलं तर जुळलेलं वाटतं, नंतर मिटलं तर लगेच खटकतं.

चित्र आणि आवाज सुटत जाणं

क्षण नीट निवडूनही फिल्म फसल्यासारखी वाटते, तेव्हा आधी वेळ तपासा. नोंदी कानाच्या अंदाजाने ठेवू नका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा हवा तो तुकडा निवडून `Ctrl+B` दाबलं की त्यावर लेबल पडतं, आणि लेबलं मजकूर म्हणून बाहेर काढता येतात. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि नाव:

```
201.500000	215.500000	दोर
215.500000	221.500000	शांतता
221.500000	222.300000	इझला
```

सेकंदांना 24 ने गुणलं की फ्रेम मिळते. दोर 4836 ला सुरू, शांतता 5172 ला, शब्द 5316 ला.

आता तयार फिल्ममध्ये सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी जुळणी बघा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी तेवढीच मागे-पुढे सरकलेली आहे. ती एकदा हलवली की काम झालं. एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा पडू शकते, म्हणून अखेरपर्यंत डब्ल्यूएव्ही फाइलच वापरा. फरक वाढत जात असेल, तर फ्रेमचा वेग चुकला आहे. 24 वर मोजलेली चित्रं 25 वर चालवली, तर 400 सेकंदांचं चित्र 384 सेकंदांतच संपतं, शेवटी तब्बल 16 सेकंद आवाज पुढे उरतो. हे लगेच कळतं. 24 ऐवजी 23.976 वर बाहेर काढली तर शेवटी जेमतेम दहा फ्रेमचा फरक पडतो आणि तो सहज निसटतो. पण आपल्या गोष्टीत त्या वेळी दुपारची ज्योत टिकलेली असते आणि तात्या “उतर” म्हणतात. तो शब्द येऊन गेल्यावर पाय हलायला एरवीच्या अर्ध्या सेकंदाऐवजी जवळजवळ एक सेकंद लागला, तर सद्या कचरतोय असं वाटतं. प्रेक्षक त्याचा वेगळाच अर्थ लावतो. प्रोजेक्ट उघडताना, निर्यात करताना आणि निर्यात झालेल्या फाइलच्या माहितीत, तिन्ही ठिकाणी वेगाचा आकडा एकच आहे का ते बघा.