16, 8 की 4? जन्यपेशीतली गुणसूत्रे मोजताना या चुका टाळा

कांद्याच्या मुळाच्या टोकाकडच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात. तिचे विभाजन झाल्यावर प्रत्येक जन्यपेशीत किती? उत्तरपत्रिका तपासायला बसले की या एका प्रश्नाला 16, 8, 32, क्वचित 4 अशी सगळी उत्तरे सापडतात. 8 लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या व्याख्या पाठ असतात, त्यामुळे पुन्हा व्याख्या वाचून ही चूक जात नाही. चूक मोजण्यात असते.

पहिली गडबड ‘विभाजन’ या शब्दामुळे होते. एकाचे दोन झाले म्हणजे ऐवजही निम्मा निम्मा वाटला गेला, असे मनात बसते आणि 16 भागिले 2 करून आपण मोकळे होतो. पण वाटणीच्या आधी ऐवज दुप्पट झालेला असतो, हे त्यात राहून जाते. विभाजन सुरू होण्यापूर्वीच पेशी आपल्या डीएनएची प्रत काढते. प्रत्येक गुणसूत्र आता दोन धाग्यांचे होते. या धाग्यांना क्रोमॅटिड म्हणतात आणि ते गुणसूत्रबिंदूपाशी एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणजे धागे 32 झाले. मग गुणसूत्रेही 32 का नाहीत? कारण गुणसूत्रे मोजायची ती गुणसूत्रबिंदूंवरून, आणि ते अजून 16च आहेत. प्रत निघाल्यावर पेशी 2n ची 4n झाली असे काही जण लिहितात, तेही याच कारणाने चूक.

इथून पुढे 32 हा आकडा धरून ठेवा, तोच आपला ताळा.

मुळाच्या टोकाला मूळ वाढत असते, तिथे सूत्री विभाजन होते. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतात आणि चिकटलेले धागे सुटून दोन ध्रुवांकडे ओढले जातात. सुटलेला प्रत्येक धागा आता स्वतंत्र गुणसूत्र. त्यामुळे त्या क्षणी, पेशी अजून एकच असताना, तिच्यात खरोखर 32 गुणसूत्रे असतात. प्रश्नात ‘पश्चावस्थेत’ असा शब्द असेल तर 32 बरोबर. ‘जन्यपेशीत’ असेल तर 32 धागे दोन पेशींत गेले, प्रत्येकीत 16. ज्याने 8 लिहिले त्याने दोन पेशींत मिळून 16 धागे पोचवले. उरलेले 16 कुठे गेले, हे त्याला सांगता येणार नाही.

आता त्याच कांद्याच्या फुलात या. परागकोशात परागमातृपेशी असते. तिच्यातही 16 गुणसूत्रे, प्रत निघून 32 धागे. पण इथे अर्धगुणसूत्री विभाजन होते, म्हणजे विभाजने दोन होतात आणि मधे पुन्हा प्रत निघत नाही. पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रांच्या 8 जोड्या फुटतात. जोडीतले एक इकडे, एक तिकडे. गुणसूत्रबिंदू मात्र शाबूत राहतात, म्हणून प्रत्येक पेशीत 8 गुणसूत्रे, पण 16 धागे. संख्या निम्मी होते ती इथेच. दुसऱ्या विभाजनात गुणसूत्रबिंदू दुभंगतात आणि 16 धागे 8-8 असे वाटले जातात. 4 हे उत्तर येते ते ‘दोन विभाजने म्हणजे दोनदा निम्मे’ या समजुतीतून. ताळा करून पाहा: चार पेशींत 4-4 म्हणजे 16, निम्मे धागे पुन्हा गायब. चार पेशींत 8-8 म्हणजे बरोबर 32.

पहिल्या विभाजनानंतर थांबवून विचारलेला प्रश्न सगळ्यात जास्त मुलांना पाडतो. ‘गुणसूत्रे किती’ला उत्तर 8, ‘क्रोमॅटिड किती’ला 16. प्रश्नातला शब्द अधोरेखित करून मगच लिहायला घ्यावे.

उलट्या बाजूचीही एक चूक आहे, ती हुशार मुले करतात: जन्यपेशीत n दिसले की अर्धगुणसूत्री विभाजन ठोकून द्यायचे. आपला कांदा इथेही कामाला येतो. चार पेशींपैकी प्रत्येकीचा परागकण होतो, आणि त्याच्या आत लगेच आणखी एक विभाजन होते. सुरुवातीला 8 गुणसूत्रे, प्रत निघून 16 धागे, पेशी दोन, प्रत्येकीत 8. पेशी एकगुणित, पण आधी जितकी गुणसूत्रे तितकीच नंतर, म्हणून हे सूत्री विभाजन. त्या दोहोंतली लहान, जनक पेशी पुढे परागनलिकेत पुन्हा एकदा अशीच विभागते आणि दोन पुंयुग्मके तयार होतात, प्रत्येकात 8. त्यांतले एक 8 गुणसूत्रांच्या अंडपेशीला मिळाले की कांद्याचे 16 परत भरतात.