प्रेग्नन्सी टेस्ट दोन दिवस आधी केली की का फसते

ठाण्यात नौपाड्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी किट लघवीतलं एचसीजी हे हार्मोन शोधते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच ते रक्तात आणि मग लघवीत उतरतं. रुजायला बीज सुटल्यापासून साधारण 6 ते 12 दिवस लागतात.

बऱ्याच किट लघवीत दर मिलीलिटरला 25 मिली-युनिटच्या आसपास एचसीजी असेल तरच ‘टी’ची रेघ दाखवतात. सुरुवातीला ते साधारण दोन दिवसांत दुप्पट होतं. समजा, पाळीची तारीख 15 आहे आणि 11 तारखेला लघवीत 5 मिली-युनिट होते. मग 13 ला 10, 15 ला 20 आणि 17 ला 40. म्हणजे 15 ला निगेटिव्ह आलेली तीच बाई 17 ला पॉझिटिव्ह! बीज उशिरा सुटलं असेल तर हे आणखी पुढे जातं. म्हणून पाळी चुकल्यावर चार-पाच दिवस थांबलेलं बरं. निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करा.

सकाळची पहिली लघवी घ्या. रात्री तांब्याभर पाणी प्यायलात तर ती पातळ होते. पाकीट ऐन वेळी फोडा, आपल्याकडची पावसाळी दमट हवा पट्टीला मानवत नाही. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेतच वाचा. अर्ध्या तासाने दिसणारी करडी रेघ बहुधा सुकल्याची खूण असते. ‘सी’ची रेघच नसेल तर किट बाद.

पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, तर किट काहीही म्हणो, लगेच डॉक्टर गाठा.