अ‍ॅप स्टोअरवर प्लॅन बदलताना तारीख पाहा

ॲपल अ‍ॅप स्टोअरवरील एकाच सबस्क्रिप्शन ग्रुपमध्ये, म्हणजे ॲपच्या एकमेकांना पर्यायी असलेल्या प्लॅनच्या गटात, वरच्या पातळीवर जाण्याचा बदल तत्काळ लागू होतो. खालच्या पातळीवर येण्याचा बदल मात्र पुढील नूतनीकरणाच्या दिवशीच लागू होतो.

समजा, एखाद्या ॲपचा १५० रुपयांचा मासिक प्लॅन तुम्ही १ जूनला घेतला आणि १६ जूनला ४५० रुपयांचा वरचा प्लॅन निवडला. जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांचे सुमारे ७५ रुपये परत मिळतात, नव्या प्लॅनचे पूर्ण ४५० रुपये आकारले जातात आणि नूतनीकरणाची तारीख १ जुलैऐवजी १६ जुलै होते. हा तारखेतील बदल अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता २० जुलैला तुम्ही पुन्हा १५० रुपयांचा प्लॅन निवडलात, तर १६ ऑगस्टपर्यंत वरच्याच सुविधा चालू राहतात, कारण त्यांचे पैसे आधीच भरलेले असतात. त्यामुळे काही परतही मिळत नाही. बदल झालाच नाही असे समजून पुन्हा खटपट करू नये. Settings मध्ये आपल्या नावावर टिचकी मारून Subscriptions उघडल्यास पुढील प्लॅन आणि तो सुरू होण्याची तारीख दिसते. त्या तारखेपूर्वी विचार बदलला, तर तेथेच वरचा प्लॅन पुन्हा निवडता येतो.

पातळ्यांचा क्रम किमतीवरून आपोआप ठरत नाही, तो ॲपचा निर्माता ठरवतो. समान पातळीवर मासिकाऐवजी वार्षिक प्लॅन घेतल्यास तो बदलही पुढील नूतनीकरणालाच लागू होतो.