तिकीट काढताय की पैज लावताय? ऑनलाइन लॉटरीत पैसे टाकायच्या आधी हे बघा

गणपतीला गुहागरला गेलो तेव्हा मावसभावाने मोबाइल पुढे केला, म्हणाला दादा बघ, अमेरिकेच्या पॉवरबॉलचं तिकीट काढलंय. मी म्हटलं दाखव तिकीट. त्याच्याकडे होता फक्त एक ऑर्डर नंबर आणि त्याने निवडलेले सहा आकडे.

पहिलं काम हेच करा, तिकीट कुठाय ते विचारा. काही साइट तुमच्या वतीने खरं तिकीट काढून त्याचा फोटो पाठवल्याचा दावा करतात, पण बऱ्याच साइट तिकीट काढतच नाहीत, त्या तुमच्याकडून पैज घेतात की अमुक आकडे निघतील. सोडत अमेरिकेत होते, तिथल्या लॉटरीला तुमचं नावही माहीत नसतं आणि बक्षीस द्यायचं ते या साइटवाल्याने, स्वतःच्या खिशातून नाहीतर त्याने काढलेल्या विम्यातून.

मग नियम-अटींचं पान उघडा. कंटाळवाणं असतं पण वाचाच. भावाच्या साइटवर खाली बारीक अक्षरात तिकीट हा शब्दच नव्हता, सगळीकडे 'बेट' म्हणजे पैज असंच होतं, मोठ्या बक्षिसाला कमाल मर्यादा होती आणि वाद झाला तर परदेशातल्या कायद्याने निकाल. म्हणजे पैसे अडकले तर रत्नागिरीत बसून दाद कोणाकडे मागणार? त्यात पॉवरबॉलचा जॅकपॉट लागायची शक्यता साधारण २९ कोटी २२ लाखांत एक, ती पैज लावल्याने वाढत नाही.

आता महाराष्ट्र राज्य लॉटरीचं कागदी तिकीट हातात घ्या. ही लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिकिटावर राज्याचं नाव, बोधचिन्ह, सोडतीची तारीख आणि छापील नंबर असतो, सोडत राज्य सरकार घेतं, हे १९९८ च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यातच आहे. यातही पैसे जायची शक्यताच जास्त, पण लागलं तर देणारा कोण ते माहीत असतं. तिकिटाच्या मागे लगेच नाव-सही करून ठेवा.

कायद्याचंही बघा. परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत मनाईच आहे, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यासाठी पेमेंट करून देणं यावर बंदी घातलीय. ऑस्ट्रेलियाने तर लॉटरीच्या निकालावर पैज घेणाऱ्या साइट जानेवारी २०१९ पासूनच बंद केल्या.

फसवणुकीची सगळ्यात मोठी खूण शेवटी. भावाला महिन्याभरात मेसेज आला, तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी टॅक्सचे ८ हजार भरा. अरे, सरकारी लॉटरीत मोठ्या बक्षिसावरचा ३० टक्के टीडीएस बक्षिसातूनच कापून उरलेले पैसे देतात, आधी भरायला कोणी सांगत नाही! त्याने भरले नाहीत म्हणून वाचला. तुम्ही भरले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला कळवा, आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, तक्रारीला तेच लागतात.