नेमन अलोकेशन करताना या चुका टाळा (ऊस सर्व्हेचं उदाहरण घेऊन)

कोल्हापूरकडं सर्व्हे म्हटलं की फिरून फिरून ऊसच येतो, त्यामुळं उदाहरणही उसाचंच घेऊया. एका साखर कारखान्याचे २००० ऊस पुरवठादार सभासद आहेत असं धरा, आणि आपल्याला काढायचंय की एका गळीत हंगामात एका सभासदाचा सरासरी किती टन ऊस जातो. बजेट आहे फक्त २१० जणांकडं जाण्याचं. हे २१० जण कुठल्या गटातनं किती घ्यायचे ते नेमन अलोकेशन ठरवतं, गट जितका मोठा आणि त्यातला फरक जितका जास्त तितका त्याचा वाटा जास्त. आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, कुठल्या कारखान्याचे म्हणून शोधत बसू नका.

सभासदांचे गट, म्हणजे स्ट्रॅटा, तीन. एक एकरापर्यंतचे १६०० सभासद, त्यांच्या टनेजचं स्टँडर्ड डेव्हिएशन १० टन. एक ते पाच एकरवाले ३५०, तिथं ४० टन. आणि पाच एकराच्या वरचे मोठे बागायतदार फक्त ५०, पण त्यांच्यात फरक एवढा की स्टँडर्ड डेव्हिएशन २४० टन. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, नेमनच्या १९३४ च्या पेपरनं तो गाजला (चुप्रोव्हनं १९२३ लाच मांडलेला, पण नाव नेमनचं लागलं):

```
n_h = n × (N_h × S_h) / Σ(N_h × S_h)
```

N_h म्हणजे त्या स्ट्रॅटममधले सभासद, S_h त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, n एकूण सॅम्पल आणि n_h त्या स्ट्रॅटमचा वाटा. N_h आणि S_h चा गुणाकार करा, १६०००, १४००० आणि १२०००, बेरीज ४२०००. म्हणजे २१० चे वाटे पडतात ८०, ७० आणि ६०. इथंवर सोपं आहे, आणि घोळ इथूनच चालू होतात.

S च्या जागी व्हेरियन्स घालणं

एक्सेलमध्ये `STDEV.S` ऐवजी `VAR.S` ओढलं की झालं काम. S चा वर्ग घातला तर वाटे येतात साधारण ९, ३३ आणि १६८. मोठे सभासद आहेतच ५० आणि शीट म्हणते १६८ जणांना भेटा! इथं निदान लगेच कळतं तरी, पण स्ट्रॅटम मोठं असलं तर आकडा बसून जातो आणि कुणाला शंकाही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, S चं युनिट मूळ मापाचंच पाहिजे, टन म्हणजे टन, आणि पुरवठादारांत १० टनांचा फरक ऐकायला पटतो पण १०० म्हटलं की छोट्या शेतकऱ्याच्या सगळ्या उसापेक्षा जास्त होतं. आणि हो, एका गटाचा डेटा क्विंटलमध्ये आणि बाकीचा टनात असेल तर फॉर्म्युला काही तक्रार करत नाही, गपगुमान चुकीचं वाटप देतो.

वाटा स्ट्रॅटमपेक्षा मोठा आला तर

आता बरोबर गणितातलाच ६० बघा की. मोठे सभासद ५०, त्यातनं ६० कसे काढणार? फॉर्म्युल्याला N_h ची मर्यादा माहीतच नसते, आणि लहान पण प्रचंड विखुरलेला स्ट्रॅटम असला की हे हमखास होतं. बरेच जण ६० चे ५० करतात आणि ८०, ७० तसेच ठेवतात, म्हणजे १० जणांचं बजेट वाया. बरोबर पद्धत अशी की त्या ५० च्या ५० जणांना घ्यायचं, मग उरलेले १६० पुन्हा फक्त बाकीच्या दोन स्ट्रॅटामध्ये १६००० ला १४००० या प्रमाणात वाटायचे, म्हणजे ८५ आणि ७५. नंतर परत बघायचं की यातला कुठला वाटा आता आपल्या स्ट्रॅटमच्या बाहेर गेलाय का, गेला तर तोही पूर्ण घ्या आणि परत वाटा.

याचा फायदा किती? नुसत्या सभासदसंख्येच्या प्रमाणात वाटप केलं असतं तर १६८, ३७ आणि ५ आले असते आणि सरासरीची स्टँडर्ड एरर २.८३ टन निघते. ८५, ७५, ५० घेतल्यावर तीच १.११ टन होते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ घालणारे ५० जण पूर्ण मोजले गेले, त्यांच्याकडनं आता सॅम्पलिंगची चूक शून्य. राउंडिंग करताना एवढं पाळा की कुठल्याही स्ट्रॅटममध्ये दोनपेक्षा कमी जण नकोत, नाहीतर तिथलं व्हेरियन्स काढताच येत नाही.

सगळ्यांची सरळ सरासरी काढणं

माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक. सॅम्पल नीट वाटलं, पोरं उन्हातान्हात गावोगाव फिरून आली, आणि शेवटी कुणीतरी २१० ओळींवर `AVERAGE` लावलं. समजा तीन स्ट्रॅटाच्या सरासऱ्या २०, ९० आणि ४०० टन आहेत. सरळ सरासरी येते १३५ टनांच्या वर. खरी सरासरी काढायची तर प्रत्येक स्ट्रॅटमची सरासरी त्याच्या N_h ने गुणून बेरीज करायची आणि २००० ने भागायचं, येतात ४१.७५ टन. तिप्पट फरक आहे राव! आपणच मोठ्या लोकांना मुद्दाम जास्त घेतलंय, मग वेट न लावता ते सगळं चित्र आपल्याकडं ओढणारच. प्रमाणात वाटपात ही चूक झाकली जाते, तिथं सरळ सरासरीही जवळपास बरोबर येते, म्हणून सवय लागते आणि नेमनला आलं की फसतं.

S कुठनं आणला

खरा S कुणालाच माहीत नसतो, अंदाजच असतो. त्याला फार घाबरायचं कारण नाही. मोठ्या सभासदांचा S २४० च्या जागी निम्मा, १२० धरला तर वाटप ९३, ८२, ३५ होतं आणि स्टँडर्ड एरर १.११ वरून १.१९ वर जाते, बस्स. पण पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी सर्व्हेला, एकाच गावातले, एकमेकांचे भाऊबंद असलेले तीन बागायतदार घेतले, त्यांचं टनेज जवळजवळ सारखं निघालं आणि S आला ३०, तर मोठ्यांच्या वाट्याला येतात फक्त १० जण आणि एरर १.९६. अर्धा फायदा गेला. छोटा पायलट S कमी दाखवतो तेव्हाच मार बसतो, त्यातही तो जर सगळ्यात विखुरलेल्या स्ट्रॅटममध्ये असेल तर जास्तच. त्यापेक्षा मागच्या हंगामाचं सभासदवार टनेज कारखान्याच्या शेती खात्याकडं असतंच, तिथनं मिळालं तर S त्यातनंच काढा, यंदाचा आणि मागचा आकडा तंतोतंत जुळायची गरज नाही, स्ट्रॅटामधलं प्रमाण साधारण तेच राहिलं तरी पुरतं.

एका प्रश्नाचं वाटप दुसऱ्या प्रश्नाला

फॉर्म एकच आणि प्रश्न वीस, हे तर नेहमीचंच. त्याच फॉर्ममध्ये ठिबक सिंचन आहे का हा हो-नाही प्रश्न असला तर तिथला S म्हणजे √(p(1−p)), तो ०.५ च्या वर जातच नाही आणि तिन्ही स्ट्रॅटात निम्म्याच्या आसपास लोकांकडं ठिबक असेल तर सारखाच असतो. अशा प्रश्नाला प्रमाणात वाटपच जवळपास बेस्ट, तिथं एरर ३.३ टक्के पॉइंट येते. टनेजसाठी केलेलं ८५, ७५, ५० वापरलं तर ४.३, म्हणजे नेमन करून साध्या वाटपापेक्षा वाईट. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असतील तर दोन वाटपांची सरासरी घ्या, साधारण १२७, ५६, २७. टनेजला १.३५ टन आणि ठिबकला ३.६ पॉइंट, दोन्हीकडं थोडं थोडं सोडलं. आणि टनेज हाच मुख्य प्रश्न असेल तर ८५, ७५, ५० वरच राहा, फक्त रिपोर्टमध्ये ठिबकच्या आकड्याशेजारी त्याची स्वतःची एरर लिहा, टनेजची नको.