पाइपलाइन निर्जंतुक करण्याआधी: आत किती लिटर मावतं याचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका वाडीसाठी टाकीपासून नवी एचडीपीई लाइन टाकली. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी काय काय हाताशी ठेवायचं, ते त्याच लाइनचे आकडे धरून सांगतो. ब्लीचिंग पावडर, पाणी, वेळ आणि माणसं हे सगळं एकाच आकड्यावर ठरतं, तो म्हणजे पाइपात मावणारं पाणी. म्हणून पावडर आणायला जाण्याआधी व्हर्नियर कॅलिपर शोधा.

आमच्या वॉटरमननं पहिल्याच दिवशी विचारलं, "पाइपवर एकशे दहा लिहिलंय की, मग आणि काय मोजायचं?" मोजायचं ते आतलं. एचडीपीई आणि पीव्हीसी पाइपवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. कन्नड अंदाजपत्रकातही नुसतं 'व्यास' लिहिलेलं असतं. आतला की बाहेरचा, ते त्यावरून कळत नाही. जोडकामातून उरलेला तुकडा घ्या आणि भिंतीची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. आमची ६.६ मिलिमीटर भरली. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून ११० मधून १३.२ वजा केले की आतला व्यास ९६.८ उरतो. जीआय पाइपला ही वजाबाकी लावू नका. त्याचं नाव आतल्या मापावरून पडलेलं असतं, पण तेही नेमकं नसतं, म्हणून तोंडाशी प्रत्यक्ष आतलं माप घ्या.

आता गणित. आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा आणि आलेल्या आकड्याला ०.०००७८५ नं गुणा. एका मीटर पाइपात किती लिटर मावतं ते निघतं. ९६.८ गुणिले ९६.८ म्हणजे ९,३७०, त्यावरून मीटरला ७.३६ लिटर. ११० धरून हाच हिशेब केला तर ९.५ लिटर येतात. भिंत वजा करायची राहिली एवढ्यानं आकडा जवळपास तीस टक्क्यांनी फुगतो, कारण व्यासाचा वर्ग होतो.

लांबी कागदावरून घेऊ नका. नकाशावर आमची लाइन १,७०० मीटर होती, पण चढउतार आणि ओढ्याचा वळसा धरून प्रत्यक्षात १०० मीटरची अठरा बंडलं आणि वर ५० मीटर लागले. बंडलं मोजायची आणि कापून टाकलेले तुकडे वजा करायचे, हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. १,८५० मीटर गुणिले ७.३६ म्हणजे सुमारे १३,६०० लिटर. बाहेरचा व्यास धरला असता तर १७,५०० च्या वर गेलो असतो. शाळेकडे जाणारा ६३ मिलिमीटरचा २४० मीटर फाटा आतून ५५.४ आहे, त्यात ५८० लिटर मावतात. एकूण १४,२०० धरा.

पाण्याची सोय याच आकड्यावरून करायची. आधी गाळमाती धुवायची, मग क्लोरीनचं पाणी भरायचं, मग परत धुवायचं. मी एकूण चारपट पाणी धरतो, म्हणजे साधारण ५७,००० लिटर. टाकीत तेवढं येत नसेल तर टँकर आधीच सांगून ठेवा, मध्येच पाणी संपलं तर अर्धी लाइन हवेनं भरते.

मात्रेसाठी मी अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या सी६५१ मानकातली सततच्या मात्रेची पद्धत वापरतो: लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन, २४ तास लाइन बंद, आणि शेवटी १० मिलिग्रॅमपेक्षा कमी उरता कामा नये. १४,२०० लिटरला क्लोरीन लागतं ३५५ ग्रॅम. ताज्या चांगल्या पावडरीत तेहतीस-चौतीस टक्के उपलब्ध क्लोरीन असतं, पण दमट गोदामात ते उडून जातं, म्हणून पंचवीस टक्केच धरा. त्या हिशेबानं १,४२० ग्रॅम लागते. तळाचा गाळ वाया जातो, म्हणून १.७ किलो पावडर १२५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्याच पिंपात. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, थोड्या पाण्यात आधी लगदा करायचा आणि मग पातळ करायचं. रात्रभर निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणीच वापरायचं. चुना लाइनीत गेला तर व्हॉल्व्हमध्ये बसतो.

सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह इतकाच उघडायचा की पाइपात पाणी सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा वेगानं पळणार नाही. जोरात भरलं की उंचवट्यांवर हवा अडकते आणि तिथली भिंत कोरडीच राहते. आमच्या पाइपासाठी हा वेग म्हणजे मिनिटाला १३२ लिटर. बादली आणि घड्याळ लावून तो एकदा तपासून घ्या. पिंपातलं द्रावण डोसिंग पंपानं मिनिटाला एक लिटर सोडलं की मात्रा बरोबर २५ वर बसते, आणि मुख्य लाइन पावणेदोन तासांत भरते. एअर व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा करा. घरांची फेरूलं, म्हणजे लाइनीवरून घराला पाणी देणाऱ्या जोडण्या, आदल्या संध्याकाळीच बंद झालेली असली पाहिजेत. पंचायतीच्या भोंग्यावरून मराठीत आणि कन्नडमध्ये दोनदा सांगा की उद्या नळ उघडू नका.

काढलेला आकडा खरा कामाला येतो तो भरताना. शेवटच्या वॉशआउटवर, म्हणजे लाइन धुऊन पाणी बाहेर काढायच्या तोंडावर, बसलेल्यानं क्लोरीनचा वास कधी येतो ती वेळ लिहायची. साधारण १३,६०० लिटर गेल्यावर तो यायला हवा. पुढचं आणि मागचं पाणी थोडं मिसळतं, म्हणून पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. दहा हजारालाच वास आला तर आत हवा अडकली आहे किंवा लांबी चुकली आहे. सोळा हजार गेले तरी वास नाही, तर कुठला तरी फाटा उघडा आहे किंवा सांधा गळतोय. अशा वेळी पावडर वाढवू नका, लाइन चालत जाऊन बघा. मुख्य लाइनीत वास आला की फाट्याचं टोक उघडून तिथंही तो येईपर्यंत थांबा, मगच सगळं बंद करा.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी क्लोरीन मोजायच्या डीपीडी किटबरोबर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणून ठेवा. इतक्या तीव्र क्लोरीनमध्ये डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि क्लोरीन शून्य असल्यासारखं दिसतं. १० मिलिलिटर नमुना १०० पर्यंत पातळ करून वाचा आणि आलेला आकडा दहानं गुणा. दहाच्या खाली आला तर पावडर शिळी होती किंवा आत माती राहिली होती. धुऊन परत भरावं लागेल, म्हणून पावडरीचा दुसरा पुडा जवळच ठेवा.

हे पाणी ओढ्यात सोडू नका. आमच्या भागातले बरेच ओढे मलप्रभेला मिळतात, आणि या मात्रेला मासे मरतात. सोडियम थायोसल्फेट टाकून किटवर शून्य येईपर्यंत क्लोरीन मारा आणि मग मोकळ्या मुरमाड जागेवर सोडा. त्यानंतर टोकाला क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत स्वच्छ पाण्यानं धुवा. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली त्या तोंडाशी भरून घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय नाही असा अहवाल हातात येईपर्यंत घरांची फेरूलं बंदच राहू द्या.