सणाचा माल लवकर हवा आणि उधारीची मुदतही हवी: घाऊक व्यापाऱ्याला पत्र कसे लिहावे

आधी कॅलेंडर घ्या. सणाच्या 45 दिवस आधी माल उतरला आणि उधारी नेहमीचीच, 30 दिवसांची असेल, तर बिल सणाच्या 15 दिवस आधीच भरावे लागते. खरी विक्री तेव्हा सुरूही झालेली नसते. माल लवकर आला की मुदतही लवकर संपते, हे न बघता बरेच जण फक्त ‘माल लवकर पाठवा’ असे लिहितात आणि अडकतात.

पत्र साधारण तीन महिने आधी पाठवा. व्यापाऱ्यालाही पुढे कारखान्यात मागणी नोंदवायची असते. जुनी बाकी असेल तर ती आधी चुकती करा. ते जमत नसेल, तर रक्कम आणि भरण्याची तारीख पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. बाकीचा विषय त्यांनी काढण्यापेक्षा तुम्ही काढलेला बरा.

मग मागणी. ‘लवकरात लवकर’ नको, ठरावीक तारीख लिहा. नग, साइज, रंग सगळे लिहा. मोघम मागणीवर गोदामात पडून राहिलेला माल तुमच्याकडे खपवला जातो.

उधारीसाठी नुसती ‘सवलत द्या’ अशी विनंती नको, हप्ते मांडा. समजा, 240 शर्ट मागवायचे आहेत:

“कृपया सोबतच्या यादीप्रमाणे 240 शर्ट सणाच्या 45 दिवस आधी पाठवावेत. बिलाच्या 30 टक्के रक्कम माल मिळताच, 40 टक्के सणाच्या दिवसापर्यंत आणि उरलेले 30 टक्के सणानंतर 15 दिवसांत देऊ. मागणी पक्की आहे. न खपलेला माल परत करणार नाही. होकार कृपया 10 दिवसांत लेखी कळवावा.”

यात व्यापाऱ्याचे काय जाते? 30 टक्के लगेच, 40 टक्के 45 दिवसांनी आणि 30 टक्के 60 दिवसांनी, म्हणजे सरासरी 36 दिवस. नेहमीच्या उधारीपेक्षा फक्त सहा दिवस जास्त. हा हिशेब पत्रातच एका ओळीत द्या. ‘साठ दिवस’ ऐकून लागणारा धक्का त्याने बराच कमी होतो. शिवाय त्यांचे गोदाम लवकर रिकामे होते, तेही लिहायला हरकत नाही.

परत न करण्याचा शब्द मात्र खात्रीने खपणाऱ्या मालापुरताच द्या. नव्या डिझाइनचा माल वेगळ्या यादीत, कमी नगांत मागवा. त्याच पत्रात भावात सूट मागू नका. मुदत आणि सूट एकदम मागितली की बहुधा दोन्हींवर घासाघीस होते, आणि तुम्हाला जास्त गरज असते मुदतीची.

होकार आला तरी माल उतरवताना बिल बघा. बिलावर छापील ‘30 दिवस’ तसेच राहिले असतील, तर त्यांचा हिशेबनीस तेच धरतो आणि ऐन सणात पुढचा माल अडवतो. हप्त्यांच्या तारखा बिलावरच लिहून, सही घेऊन ठेवा.